‘योग्य प्रकारे’ म्हणजे नेमकं कसं? नववीच्या जिम्नॅस्टिक्स घटकाची उद्दिष्टं लिहिताना

नागपुरात पाऊस एकदा लागला की शाळेच्या काळ्या मातीच्या मैदानावर पाय ठेववत नाही. खो-खो, कबड्डी बाजूला पडतात आणि पीटीचा तास प्रार्थनेच्या हॉलमध्ये जातो. त्यामुळे इथल्या बऱ्याच शाळांत जिम्नॅस्टिक्सचा घटक जुलै-ऑगस्टमध्ये येतो. पुढचं प्रकरण अशाच एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेचं आहे. शाळा आणि तिथले आकडे नमुन्यादाखल बेतलेले आहेत, पण अडचणी ज्यांनी नववीच्या वर्गाला कोलांटउडी शिकवली आहे त्यांच्या ओळखीच्याच असतील.

वर्ग नववीचा, पट ५२. आठवड्याला दोन तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांची. हॉलमध्ये सहा फूट बाय चार फुटाच्या, रेक्झिनचं कव्हर असलेल्या चार गाद्या. शिकवणारे दोघं: पीटीचे सर आणि मुलींच्या तुकडीला मदत करणाऱ्या मॅडम. कागदावर बारा तासिका. श्रावणातल्या सुट्ट्या, पोळा, तान्हा पोळा, घटक चाचणी वजा केल्यावर हातात येतात नऊ, फार तर दहा. हे आधी सांगितलं कारण उद्दिष्टं किती लिहायची हे इथेच ठरतं. पहिल्या टाचणात नऊ उद्दिष्टं होती. शेवटी चार उरली, आणि तीही जेमतेम तपासून झाली.

पहिल्या टाचणातलं मुख्य उद्दिष्ट असं होतं: ‘विद्यार्थी पुढील कोलांटउडी योग्य प्रकारे करतो.’ खाली आणखी: ‘शरीराची लवचिकता वाढते’, ‘तोल सांभाळण्याचे कौशल्य विकसित होते’, ‘जिम्नॅस्टिक्सची आवड निर्माण होते’, ‘सुरक्षिततेची जाणीव होते’. तपासणीला आलेल्या साहेबांना अशी वाक्यं खटकत नाहीत. खटकतात ती शेवटच्या आठवड्यात, श्रेणीचा रकाना भरताना. एकाच मुलाला सरांनी ‘अ’ दिला आणि मॅडमनी ‘क’.

“सर, याला तुम्ही ‘अ’ कसा दिला?”

“उठला ना मॅडम, हात न टेकवता. सरळ गेला.”

“मान बघितली का त्याची? अख्खं वजन टाळूवर घेतलं त्यानं.”

दोघांचंही बरोबर होतं. ‘योग्य प्रकारे’ या दोन शब्दांत सर शेवट पाहत होते आणि मॅडम सुरुवात. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि खरी अडचण तीच आहे. कारण टाळूवर वजन घेऊन लोळण घेणारा मुलगा ‘अ’ घेऊन घरी गेला, तर पुढच्या वर्षीही तो तसंच करणार.

नऊ मुद्द्यांची यादी आणि दोन सेकंदांचा डोळा

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न नेहमी असतो तसाच झाला. पुस्तकात असलेले सगळे तांत्रिक मुद्दे यादीत उतरवले: हात खांद्याइतके रुंद, बोटं पुढे, कंबर वर, हनुवटी छातीला, डोक्याचा मागचा भाग अलगद टेकलेला, पाठ गोल, गुडघे जुळलेले, टाचा मांड्यांजवळ, हात न टेकवता उठणं. नऊही मुद्दे बरोबर आहेत. शिकवताना ते सगळे लागतातही. पण तपासताना ही यादी निकामी ठरते, कारण एक कोलांटउडी जेमतेम दोन सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात एक माणूस तीन-चार गोष्टी खात्रीनं पाहू शकतो. बाकीच्या खुणा तो अंदाजानं करतो, आणि अंदाज म्हणजे त्या मुलाबद्दलचं जुनं मत.

मग निवड कशी करायची? पटणारा मार्ग हा की शेवटी दिसणाऱ्या अशा गोष्टी निवडायच्या, ज्यांच्यात आधीची चूक आपोआप पकडली जाते. ‘हात न टेकवता उठतो’ हा तसा निकष आहे. मूल उठताना मागे हात का टेकवतं? एक तर सुरुवातीला पायांनी रेटा दिला नाही, म्हणून फिरण्याचा वेग कमी पडला. किंवा पाठ टेकताच पाय लांब सोडले, त्यामुळे गोळा उघडला आणि वेग तिथेच मेला. टाचा मांड्यांजवळ आहेत का, पाठ गोल आहे का, हे वेगळं बघायची गरजच उरत नाही. या दोन्ही गोष्टी बिघडल्या तर हात टेकल्याशिवाय सहसा उठता येत नाही.

‘सहसा’ म्हटलं, कारण मुलं वाट काढतात. उठताना पायांची अढी घालायची, म्हणजे घोटे एकमेकांवर चढवायचे, की हात न टेकवताही उभं राहता येतं. नववीतल्या चपळ मुलांना ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. वेग कमी असतानाही ती चालते, आणि गुडघ्याला पीळ पडतो तो वेगळाच. म्हणून निकषात एक तुकडा जोडावा लागला: ‘दोन्ही तळवे शेजारी-शेजारी टेकवून’. निकष लिहून झाला की तो पाळूनही चुकीची उडी मारता येते का, हे स्वतःलाच विचारायचं. येत असेल तर अजून एक शब्द हवा आहे.

मान: जिथे सूट नाही

मानेचा निकष वेगळ्या जातीचा आहे. बाकीचे निकष उडी चांगली की कच्ची एवढंच सांगतात, हा उडी धोक्याची आहे का ते सांगतो. कोलांटउडीत वजन हातांवर असतं, डोक्याचा मागचा भाग गादीला नुसता चाटून जातो आणि भार खांद्यांच्या मागच्या बाजूवर उतरतो. हनुवटी सुटली की टाळू गादीला लागते आणि अंगाचं वजन सरळ मानेच्या मणक्यांवर येतं.

पण ‘हनुवटी छातीला लावतो’ असं लिहिलं की दोन निरीक्षक लगेच वेगवेगळं लिहू लागतात. केव्हा लावतो? बसल्यावर तर सगळेच लावतात, आणि उठताना ती सुटलीच पाहिजे. मधल्या अर्ध्या सेकंदात काय झालं ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला खांद्याआड दिसतच नाही. इथे जुनी युक्ती कामाला आली: हनुवटीखाली घडी केलेला रुमाल. मुलानं तो हनुवटी आणि छाती यांच्यात धरायचा. खांदे गादीला टेकण्याआधी रुमाल पडला तर निकष हुकला. त्यानंतर पडला तर काही बिघडत नाही. प्रश्न आता ‘मान आत होती का’ असा राहिला नाही, ‘रुमाल कुठे पडला’ असा झाला, आणि त्याचं उत्तर वर्गातली मुलंही देतात.

रुमालाची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. हनुवटी आत होती एवढंच तो सांगतो. वजन हातांवर होतं की नाही, हे नाही. हनुवटी दाबून धरूनही कोपरं एकदम ढिली सोडणारं मूल मानेच्या मागच्या बाजूवर धपकन येतं. ते टिपणं शिक्षकाच्या डोळ्यावरच राहतं. म्हणून शिकवण्याच्या तासिकांत ‘हातांनी गादी ढकल’ ही सूचना सुटू देऊ नये.

एक बारकी गोष्ट, जी टाचणात कधी येत नाही. मुलींनी केसांचा अंबाडा डोक्याच्या मागे घट्ट बांधला असेल, तर गादीला चाटून जाणारी जागा नेमकी तीच. अंबाडा टोचतो, मुलगी नकळत डोकं वर घेते आणि टाळूवर येते. चूक तंत्राची वाटते, असते पिनांची. दोन वेण्या पुढे घेऊन ओढणीऐवजी ट्रॅक सूटवर आलं की तीच मुलगी नीट फिरते. त्यामुळे ‘केस खाली बांधलेले, पिना काढलेल्या’ ही गोष्ट उद्दिष्टाच्या परिस्थितीच्या भागातच लिहिली.

दोघांनी मिळून वीस मुलं

मोजता येणारं उद्दिष्ट खरंच मोजता येतं का, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी सर आणि मॅडम एकाच बाजूला, पण एकमेकांचा कागद दिसणार नाही असे बसले आणि वीस मुलांची प्रत्येकी एक उडी तपासली. मुलं मुद्दाम मिसळीची घेतली: काही तयार, काही कच्ची. सगळी तयार मुलं घेतली तर दोघांच्या खुणा जुळतातच. ते निकषाचं यश नसतं.

बसण्याची जागाही ठरवून घेतली. गादीच्या मध्यासमोर, दोन-तीन मीटर लांब, आणि खुर्चीवर. उभं राहून पाहिलं की रुमाल दिसत नाही आणि उठतानाचे हात पाठीआड जातात. डोळा मुलाच्या कमरेच्या उंचीला आला की दोन्ही दिसतं.

‘हात न टेकवता, तळवे शेजारी’ या निकषावर वीसपैकी एकोणीस वेळा एकमत झालं. रुमालावर अठरा वेळा. ‘गुडघे जुळलेले’ यावर फक्त अकरा वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. कारण दोघांपैकी कुणाचा आळस नव्हे. बाजूनं पाहताना जवळचा गुडघा लांबच्या गुडघ्याला झाकतो. समोरून पाहायचं तर रुमाल हुकतो. हा निकष काढून टाकला. शिकवण्यात तो राहिला, तपासणीतून गेला. ‘तोल जात नाही’ यावर बारा वेळा जुळलं, कारण सर अर्धं पाऊल चालवून घेत होते आणि मॅडम नव्हत्या. तो निकष बदलला: ‘उभं राहिल्यावर पाऊल न हलवता दोन सेकंद थांबतो.’ पुन्हा वीस मुलं पाहिली, अठरा जुळली. साधारण वीसपैकी सोळापेक्षा कमी जुळणी असेल तर दोष निरीक्षकाचा न मानता वाक्याचा मानावा, आणि वाक्य पुन्हा लिहावं.

सरळ जाण्याचा निकष सुरुवातीला ‘सरळ रेषेत’ एवढाच होता. दोन गाद्या लांबीनं जोडून त्यांवर साठ सेंटिमीटर अंतरानं खडूच्या दोन रेघा मारल्या, आणि निकष झाला: ‘शेवटी दोन्ही पाय रेघांच्या आत.’ दमट हवेत घामानं रेघा पुसतात, त्यामुळे दहा-बारा मुलांनंतर त्या पुन्हा माराव्या लागतात. तिरकं जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. एक हात आधी वाकतो आणि मूल त्या खांद्यावरून घसरतं. रेघ ओलांडलेल्या बाजूवरून कोणता हात ढिला पडला ते लगेच कळतं.

शेवटी उद्दिष्ट असं उतरलं:

‘जोडलेल्या दोन सपाट गाद्यांवर, केस खाली बांधलेले आणि पिना काढलेल्या असताना, मदतनीसाशिवाय, हनुवटीखाली रुमाल धरून, विद्यार्थी उकिडव्या स्थितीतून पुढील कोलांटउडी मारतो. तीन प्रयत्नांपैकी किमान दोन प्रयत्नांत (१) खांदे टेकेपर्यंत रुमाल पडत नाही, (२) हात न टेकवता आणि तळवे शेजारी ठेवून उठतो, (३) दोन्ही पाय रेघांच्या आत राहतात, (४) पाऊल न हलवता दोन सेकंद थांबतो. पहिला निकष अनिवार्य. उरलेल्या तिनांपैकी दोन पुरेसे.’

वाक्य लांब आहे, ऐटदार नाही. पण ते फळ्यावर लिहिलं की मुलं रांगेत उभी असताना एकमेकांना तपासतात, आणि ‘सर, मला कमी का?’ हा प्रश्न बंद होतो.

वेळेचा हिशेब

तीन प्रयत्न का? एक प्रयत्न नशिबावर जातो. पाच प्रयत्न नववीच्या पटाला परवडत नाहीत. एका उडीला गादीवर येणं, उडी, खूण आणि बाजूला होणं धरून वीस सेकंद लागतात. बावन्न मुलं गुणिले तीन गुणिले वीस म्हणजे बावन्न मिनिटं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ते मावत नाही. अर्धा वर्ग घेतला तर सव्वीस मिनिटं होतात, हजेरी आणि गाद्या लावायला नऊ उरतात. म्हणजे एकट्या कोलांटउडीच्या तपासणीला दोन तासिका लागतात. नऊ उद्दिष्टांची यादी इथेच कोसळते.

तीन उड्या सलगही घेऊ नयेत. ओळीनं तीन कोलांटउड्या मारल्या की अनेक मुलांना गरगरतं, आणि तिसऱ्या प्रयत्नात ‘दोन सेकंद थांबणं’ चक्करेमुळे हुकतं. सगळ्यांचा पहिला प्रयत्न, मग पुन्हा रांग, मग दुसरा, असं फिरवलं की हा गोंधळ होत नाही आणि वेळही तेवढाच लागतो. मॅडम दुसऱ्या वर्गावर असतील त्या दिवशी गादीच्या टोकाला एक विद्यार्थी बसवता येतो. त्यानं फक्त रेघ आणि दोन सेकंद पाहायचे. रुमाल मुलांवर सोपवायचा नाही. तो अनिवार्य निकष आहे.

तोलाचं उद्दिष्ट

‘तोल सांभाळण्याचे कौशल्य विकसित होते’ याचं काय करायचं? विकसित होणं दिसत नाही, एक पाय मागे उचलून धरणं दिसतं. एका पायावर उभं राहून, धड पुढे झुकवून, दुसरा पाय मागे सरळ नेण्याची स्थिती घेतली. पहिला मसुदा होता ‘मागचा पाय नव्वद सेंटिमीटर उंच धरतो’. हा निकष अन्यायाचा आहे. नववीत एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. म्हणून मोजमाप मुलाच्या अंगावरच घेतलं: ‘मागची टाच स्वतःच्या कमरेच्या पातळीला किंवा वर.’ भिंतीपाशी उभं करून कमरेच्या उंचीला खडूची खूण केली की बाजूनं लगेच ताडून पाहता येतं.

वेळ तीन सेकंदांची धरली, पण घड्याळ केव्हा सुरू करायचं यावर पुन्हा मतं फुटली. सर पाय उचलल्यापासून मोजत, मॅडम तो वर गेल्यापासून. नियम असा ठरला: मागचा पाय हलायचा थांबला की ‘एक हजार एक’ म्हणायला सुरुवात, आणि उभ्या पायाची टाच किंवा चवडा सरकला की मोजणी संपली. उभा पाय थरथरला तर चालतो, सरकला तर नाही. हा फरक मुलांना आधी दाखवावा लागतो, नाहीतर थरथर लपवण्यासाठी ती गुडघा कडक लॉक करतात आणि लगेच कोसळतात.

आवड आणि जाणीव

‘आवड निर्माण होते’ हे उद्दिष्ट टाचणातून गेलं. आवड होते की नाही ते नऊ तासिकांत मोजण्याचा प्रामाणिक मार्ग नाही. ‘लवचिकता वाढते’ हेही गेलं. एवढ्या अवधीत पडणारा फरक एखाद्या गार सकाळच्या आणि दमट दुपारच्या फरकात हरवून जातो. सुरक्षिततेचं मात्र कृतीत उतरवता आलं: ‘आपली पाळी येण्याआधी विद्यार्थी न सांगता घड्याळ, बांगड्या, पट्टा काढतो, गाद्यांची फट पायानं चाचपून जोडतो, आधीचा विद्यार्थी गादीवरून खाली उतरेपर्यंत रेघेमागे थांबतो.’ इथे ‘न सांगता’ हा शब्द सगळा भार उचलतो. सांगून तर सगळेच काढतात. तपासायचं ते मुलांना कळू न देता, कुठल्याही दोन तासिकांत.

चौथं उद्दिष्ट सहाध्यायीची उडी पाहून चारपैकी कोणता निकष हुकला ते ओळखण्याचं होतं. त्याची तपासणी सोपी निघाली: पाच उड्या पाहून चारवेळा शिक्षकाच्या खुणेशी जुळलं पाहिजे.

ज्यांना हे उद्दिष्ट लागू नाही

प्रत्येक वर्गात दोन-चार मुलं अशी असतात ज्यांच्यासाठी उद्दिष्ट बदललंच पाहिजे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा जोड ढिला असण्याची शक्यता असते. डॉक्टरांनी तपासून लेखी होकार दिल्याशिवाय त्यांना कोलांटउडी देऊ नये. मानेची जुनी दुखापत असलेल्यांनाही तेच. त्यांच्यासाठी आडवं लोळण, हात डोक्यावर लांब करून, हे उद्दिष्ट घेतलं. निकष तेवढेच काटेकोर: गादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात आणि पाय जुळलेले, दोन रेघांच्या आत. वरून पाहता येत असल्यामुळे इथे ‘पाय जुळलेले’ हा निकष चालतो. कोलांटउडीत ‘गुडघे जुळलेले’ हा निकष काढावा लागला होता.

वजन जास्त असलेल्या मुलांसाठी परिस्थिती बदलली, निकष नाही. गादीच्या एका टोकाखाली उताराचा पाट सरकवून हातभर चढ दिला की वेग उतारातून मिळतो. उद्दिष्टात ‘सपाट गाद्यांवर’ऐवजी ‘उतारावर’ लिहायचं, आणि रुमाल, हात, रेघ, दोन सेकंद हे तसंच ठेवायचं. उतारावर चारही निकष जमले की पाट काढून सपाटावर आणायचं. हे उद्दिष्ट निम्म्या श्रेणीचं समजायचं की पूर्ण, यावर सर आणि मॅडम यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. आमच्या मते पूर्ण समजावं, पण तक्त्यात ‘उतार’ ही नोंद राहू द्यावी, म्हणजे दहावीच्या शिक्षकाला सुरुवात कुठून करायची ते कळेल. मासिक पाळी चालू असताना मुलीनं प्रयत्न पुढच्या आठवड्यावर टाकला तर तिचे तीन प्रयत्न शाबूत राहतात, एवढं मात्र तक्त्याच्या डोक्यावरच लिहून टाकलं.